चि. सुमितला मामाचा आशीर्वाद

॥ श्री ज्योतिबा प्रसन्न ॥

पलूस, 2 जुलै

चि. सुमित यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री ताईचा फोन आला. तू पाटणला शाखा कार्यालयात विद्युत सहाय्यक म्हणून हजर झालास, हे सांगताना तिला धड बोलताही येत नव्हतं. आयटीआय करताना पहाटे दाजींबरोबर धारा काढून तू एसटी गाठायचास, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. आजीनं लगेच देवापुढं साखर ठेवली आणि मला म्हणाली, पोराला पत्र लिही, फोनवरचं बोलणं राहत नाही. म्हणून लिहायला बसलो.

बाळा, औक्षवंत हो. तुझ्या हाताला यश येवो. आशीर्वादात आयुष्य आधी मागतात, ते आपल्या खात्यात शब्दशः खरं आहे. मी मंडळाच्या काळात लागलो, 2005 साली मंडळाच्या कंपन्या झाल्या तेव्हाही पोलवरच होतो. कामाच्या पद्धती बदलल्या, साहित्य बदललं, पण पोलवर चढणाऱ्याच्या घरचे त्याची वाट बघतात, ते काही बदललं नाही. म्हणून पहिला आशीर्वाद हाच की, जसा चढशील तसाच सुखरूप उतर.

आणि त्यासाठी माझं एवढं ऐक. परमिट हातात आल्याशिवाय शिडीला हात लावू नको. उपकेंद्रातून फोनवर 'लाइन बंद केली' म्हणाले तरी एबी स्विचपाशी जाऊन तिन्ही ब्लेड सुटलेत का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मग टेस्ट कर, डिस्चार्ज रॉड लाव, आणि जिथं काम करायचं तिथं दोन्ही बाजूंना अर्थिंग कर. मागून कुणाच्या जनरेटरची वीज उलटी लाइनवर येते, ती उपकेंद्रातल्या माणसालाही कळत नाही. हे सगळं तू शिकला आहेस. पण भर पावसात अख्खं गाव अंधारात असतं, सरपंचाचे फोनवर फोन येतात, सोबतचा जुना माणूस म्हणतो 'काय होत नाही, चढ', तेव्हाच शिकलेलं सुटतं. अशा वेळी 'थांबा, आधी अर्थिंग करतो' एवढं वाक्य बोलायचं बळ ज्योतिबा तुला देवो. कुणी भित्रा म्हणालं तर म्हणू दे. तुझ्या मामाला त्याचा अभिमानच वाटेल.

पाटणचा पाऊस तुला नवा आहे. आपल्याकडं पलूसला पाऊस येतो नि जातो. तिथं डोंगरात दिवसच्या दिवस झड लागते, झाडं लाइनवर पडतात, वाडीपर्यंत गाडी जात नाही. सामान खांद्यावर घेऊन चालावं लागेल. त्या वाड्यावस्त्यांतल्या माणसांशी प्रेमानं वाग. कोयना धरणासाठी त्या खोऱ्यातल्या लोकांनी घरं-जमिनी सोडल्या. 1962 पासून त्या पाण्यावर वीज तयार होतेय आणि आपण सगळे ती वापरतोय. त्यांच्यापैकी एखादी म्हातारी 'लाईट कधी येणार' म्हणून चार वेळा विचारेल, तर पाचव्यांदाही नीट उत्तर दे.

2019 च्या महापुरात आपल्या भागातली उपकेंद्रं पाण्यात गेली होती, तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यांतली पोरं मदतीला आली होती. चिखलात उभं राहून त्यांनी आमच्या बरोबरीनं काम केलं, आपल्या अंगणात बसून भाकरी खाल्ली. त्यांना जेवण वाढायला तूच होतास, आठवतं का? आता कुणाच्या तरी अंगणात तू तसाच जाशील. लोक पाणी देतील, चहा देतील, तो आनंदानं घे. पैसे मात्र कुणाचे घेऊ नको, अगदी खुशीनं दिले तरी. माझ्या सगळ्या नोकरीत मला सर्वांत जास्त समाधान कशानं दिलं असेल तर ते यानं.

तीन वर्षं मानधनावर काढायची आहेत, पैशाची ओढ होईल. घरी किती पाठवायचे याची चिंता करू नको, दाजींशी माझं बोलणं झालंय. आधी खोलीचं भाडं आणि पोटभर जेवण. मेसचं आवडलं नाही तर स्वतः भात-आमटी लाव, पण उपाशी पोटी पोलवर जाऊ नको.

सोबत रेनकोट आणि डोक्याला लावायची बॅटरी पाठवतोय. मामीनं मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी दिलीय. आजी म्हणते, तुझी साडेसाती संपली, आता चांगले दिवस आहेत. गणपतीत सुट्टी मिळणार नाही हे मला ठाऊक आहे, त्या दिवसांत आपल्याला ड्युटीच असते. ताईला मी समजावतो. रात्रीचं काम संपवून खोलीवर पोचलास की किती का वाजेनात, तिला एक मिस कॉल दे.

तुझा,
मामा