डबल बेल दे, आई

(गच्चीत गायचं गाणं. चाल ओवीची, संथ. हलगी फक्त ध्रुवपदाला. "टिंग टिंग" सगळ्यांनी म्हणायचं.)

(बोलून)
आई, तू पुढच्या खुर्चीवर बस. आज भिंतीला टेकून उभं राहायचं नाही. 22 वर्षं एस.टी.त उभी होतीस, आता बस. आज मे महिन्यातला दुसरा रविवार, मातृदिन. दादानं या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी बांधलीय, आणि टोकाला देवघरातली घंटा. ती कशाला, ते शेवटी कळेल. गंगावेशीतल्या सगळ्या काकू आल्यात, तुझ्या डेपोतल्या मैत्रिणी आल्यात. हे गाणं मी तुझ्यासाठी लिहिलंय. चुकलं तर मधेच सांगू नकोस, नंतर सांग.

ध्रुवपद

एक बेल दिली की थांबायची गाडी, दोन दिल्या की निघायची,
आई, तुझ्या हातातल्या दोरीवर आमची सकाळ उगवायची.
"सरका की पुढं, दार सोडा जरा, मागं जागा हाय," म्हणायचीस,
सगळ्यांना जागा करून देताना तू मात्र उभीच राहायचीस.
टिंग टिंग, आई, डबल बेल दे!
टिंग टिंग, आई, डबल बेल दे!

कडवं

चारला स्टोव्ह भणभणायचा, भिंतीवर सावली हलायची,
भाकरीवर पाणी फिरवताना बांगडी तव्याला लागायची.
एका डब्यात ठेचा-भाकरी, दुसऱ्यात आमचा उपमा गार,
झोपेतच कानात सांगायचीस, "उठ गं, आतनं लाव दार."
खाकी साडीच्या निऱ्या घालताना ओठांत धरायचीस पिना दोन,
चिंचेनं घासून लखलखता बिल्ला मीच लावायची, दुसरं कोण?

गल्लीत तुझी पावलं जायची, कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं,
रंकाळा स्टँडची पहिली गाडी, तिला तुझ्यावाचून निघणं नव्हतं.
मी दाराला कडी घालून परत तुझ्या जागेत शिरायची,
वाकळ अजून ऊबदार असायची, तेवढी ऊब मला पुरायची.

(ध्रुवपद)

(बोलून)
तेव्हा तिकिटाचं मशीन नव्हतं. तिकिटांचे गठ्ठे, आणि तुझ्या हातात पंच. रिकाम्या हातानंसुद्धा तू तो वाजवत राहायचीस, टक टक, टक टक. घरी आल्यावरही तुझा अंगठा तसाच हलायचा. पोळी लाटताना, आमचा अभ्यास घेताना. आणि तळहाताला नाण्यांचा वास. साबणानं जायचा नाही. आम्हाला तो जावा असं कधी वाटलंही नाही.

कडवं

पंचाच्या बारक्या टिकल्या यायच्या पिशवीच्या तळाशी, निऱ्यांशी,
काड्यापेटीत मी साठवायची, निजताना ठेवायची उशाशी.
निळी, गुलाबी, पिवळी टिकली, प्रत्येक टिकली एक गाव,
एकेक उचलून विचारायची मी, "आई, या टिकलीचं काय नाव?"
"ही कळ्याची आजी बाजाराची, ही साळवणची पोर सासरी निघालेली,"
"अन् ही?" म्हणेतो उत्तर नाही. भिंतीला टेकून तू निजलेली.

दादाच्या वाढदिवसाला आम्ही पेटीतल्या सगळ्या उधळल्या,
केरसुणी घ्यायला तुझं मन होईना, महिनाभर घरात लोळल्या.
गणपतीत कोनाडा पुसताना एक गुलाबी सापडली,
तीही तू टाकली नाहीस, हळूच तांदळाच्या डब्यात ठेवली.

(ध्रुवपद)

कडवं

ताप चढलेला मला, अन् शेजारच्या अक्का गेलेल्या माहेराला,
बाबा उद्यमनगरात भट्टीपाशी, घरी ठेवावं कोणापाशी लेकराला?
तू मला गाडीत घेतलंस मग, पुढच्या बाकावर खिडकीशी,
कपाळावर ओला रुमाल माझ्या, अन् तू पार शेवटच्या बाकाशी.
दर थांब्याला येऊन जायचीस, हात लावून पुढं निघायचीस,
"तिकीट, तिकीट" म्हणता म्हणता माझ्याकडंच बघायचीस.

कुणीतरी म्हणालं, "लेकरू तुमचंच, त्याला कशाला पाहिजे तिकीट?"
तू म्हणालीस, "गाडी माझी नव्हं. बसलं की पाहिजे तिकीट."
अर्धं तिकीट फाडलंस माझं, पैसे घातलेस पदरचे,
अजून जपून आहे वहीत, कोपरे झिजले कागदाचे.

(दादा एकटा)
टिंग टिंग, आई, डबल बेल दे!

कडवं (इथं हलगी चालेल, जरा जलद)

चैत्रात जोतिबाच्या जादा गाड्या, तू परतायचीस गुलालात,
"चांगभलं!" म्हणत दार उघडायचो, गुलाल सांडायचा घरात.
केसांत गुलाल, कानांत गुलाल, डब्याच्या झाकणावर गुलाल,
दुसऱ्या दिवशी शाळेत माझा पांढरा फ्रॉक लाल लाल!
मे महिन्यात करवंदं द्रोणात, बावड्याच्या घाटातली,
थंडीत बाटली काकवीची, गुऱ्हाळावरच्या ताज्या पाकातली.
भिंतीवरचं कॅलेंडर कशाला, ऋतू आम्हाला कळायचे,
तुझ्या पिशवीत हात घालूनच महिने आमचे वळायचे.

(ध्रुवपद. मग हलगी बंद.)

(बोलून)
2005 चा पाऊस. पंचगंगा घाट सोडून वर आली. आम्हाला राजारामपुरीत आत्याकडं नेलं. तू सकाळच्या गाडीवर गेलेली, आणि गगनबावड्याचा रस्ता पाण्याखाली गेलेला. घरात मोबाइल नव्हता. बाबा दिवसातनं दोनदा डेपोत जाऊन यायचे. आल्यावर काही बोलायचे नाहीत. नुसते माझे केस विंचरायला बसायचे, आणि त्यांना वेणी येत नव्हती.

कडवं (अगदी संथ)

तीन रात्री तू आली नाहीस, पाण्यानं रस्ता गिळलेला,
बाबांनी घातलेली माझी वेणी, पेड एकेक सुटलेला.
चौथ्या दिवशी आलीस तेव्हा चिखल गुडघ्यापर्यंत वाळलेला,
डेपोत आधी पैसे भरून मग पाय घराकडं वळलेला.
मी रुसले, "आधी पैसे का?" म्हणाले, तोंड फिरवलं रागात,
तू काही सुद्धा बोलली नाहीस, कंगवा घेतलास हातात.
गुंता सोडवत बसलीस नुसती, दिवा लागेस्तोवर, तशीच,
तुझी बोटं थरथरत होती. मला वाटलं, थंडीनं असतील.

(थांबून)

(बोलून)
पुढचं मला गाता येत नाही. दोनदा बसवून बघितलं, चालीत बसत नाही. म्हणून बोलते.

मी सहावीत होते. शाळेचं स्नेहसंमेलन. मी ओवी म्हणणार होते, एकटी, माइकसमोर. तू म्हणाली होतीस, ड्युटी आहे, जमणार नाही. पुढच्या रांगेत सगळ्यांच्या आया, रेशमी साड्या, गजरे. माझी ओवी सुरू झाली आणि मागचं दार उघडलं. तू आलीस, खाकी साडीत, खांद्याला पैशाची कातडी पिशवी, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात धावत. पुढं एक खुर्ची रिकामी होती. तू आली नाहीस पुढं. मागच्या भिंतीला टेकून उभी राहिलीस.

नंतर मैत्रिणीनं विचारलं, "त्या कंडक्टर बाई कोण गं?"

मी म्हणाले, "आमच्या ओळखीच्या आहेत."

तू दोन हातांवर होतीस, आई. तू ऐकलंस. मला तेव्हाही माहीत होतं की तू ऐकलंस. तू काही म्हणाली नाहीस. संध्याकाळची फेरी संपवून आलीस, मला रंकाळ्यावर घेऊन गेलीस, भेळ घेऊन दिलीस. काठावर बसल्यावर एवढंच म्हणालीस, "वरचा सूर छान लागला गं तुझा."

21 वर्षं होत आली. त्या भेळेचा घास अजून माझ्या घशात आहे.

कडवं (वाद्याशिवाय)

ओळखीची नाही गं, आई, तू माझी, तू माझी, तू माझी,
सगळ्या गल्लीसमोर सांगते, ही खाकी साडीतली आई माझी.
जिच्या तळव्याला नाण्यांचा वास, जिच्या टाचांना भेगा चार,
जिच्या डब्यातली अर्धी भाकरी वाटेत व्हायची दुसऱ्याच्या पोराला आधार.
त्या दिवशी जी खुर्ची रिकामी राहिली पहिल्या रांगेत, मधोमध,
ती उचलून आणलीय आज इथं. तिच्यावर बसलीयस तू. बघ.

(ध्रुवपद, सगळे, हलगी परत)

(बोलून)
आता उद्याचं सांगते. उद्या मी रजा टाकलीय. सकाळची बावड्याची गाडी, रंकाळा स्टँडवरनं. तिकीट मी काढणार. 2023 च्या मार्चपासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे. तुझं अर्धं, माझं अर्धं. दोघींचं मिळून एकच होईल.

कडवं

खिडकीची जागा तुझी उद्या, पिशवी माझ्या मांडीवर,
फुलेवाडी मागं पडली की वारा येईल तोंडावर.
बालिंग्याचा पूल ओलांडताना वळून माणसं मोजशील,
"मागं जागा हाय" म्हणायला ओठ हलतील, मग थांबशील.
मशीन घेऊन पोर येईल, खाकी तिची नवी नवी,
सुट्टे तिच्या हातात देताना म्हणशील, "बाळा, जेवलीस का तरी?"

घाटात करवंदं घेऊ द्रोणभर, ओठ जांभळे दोघींचे,
तुझ्या मांडीवर डोकं टेकीन, दिवस आठवत तापाचे.
तू काही करायचं नाहीस उद्या, नुसतं बाहेर बघायचं,
अन् ती पोर दोरीला हात घालील तेव्हा तुझा हात मी धरायचं.

(हलगी थांबते. दोरी ओढून)

टिंग.

(बोलून)
एक मी दिली, आई. गाडी थांबलीय. सगळे बसलेत, दार लागलंय.

दुसरी तू दे.