जर्नल क्लब: क्रॅश-२ आणि आपल्या कॅज्युअल्टीतली वेळ

गुड मॉर्निंग सर, मॅडम. पेपर जुनाय, लॅन्सेट २०१०, पण ट्रॅनेक्सा आपण इथं मिरजेत रोज देतो आणि मागच्या आठवड्यातल्या एका पेशंटमुळं मी हाच घेतला.

प्रश्न सरळ आहे, ट्रॉमात रक्तस्राव होत असलेल्या किंवा होण्याची भीती असलेल्या मोठ्या माणसाला ८ तासांच्या आत ट्रॅनेक्सामिक ॲसिड दिलं तर मृत्यू कमी होतात का. ४० देश, २७४ हॉस्पिटलं, २०,२११ पेशंट. १ ग्रॅम १० मिनिटांत, मग १ ग्रॅम ८ तासांत, समोर सलाईनचा प्लसिबो. रँडमायझेशन, ब्लाइंडिंग यावर मला बोट ठेवायला जागा सापडली नाही, फॉलोअपही जवळजवळ सगळ्यांचा आहे, तेव्हा तिथं वेळ घालवत नाही.

मृत्यू १४.५ टक्के विरुद्ध १६ टक्के, रिलेटिव्ह रिस्क ०.९१, कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.८५ ते ०.९७. एनएनटी साधारण ६७. एवढ्या स्वस्त औषधाला चांगलंच म्हणायचं.

आता खटकलेलं. पेशंट घ्यायचा की नाही हे डॉक्टरच्या 'मला खात्री नाही' यावर होतं, म्हणजे ज्याला द्यायचंच हे स्पष्ट होतं तो ट्रायलमध्ये आलाच नाही. रक्त लागलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडं जवळजवळ सारखं, निम्म्याच्या आसपास. मग औषधानं रक्त थांबवलं म्हणायचं कशावरून? एक उत्तर असं की जो जगला त्याला रक्त चढवायला वेळ मिळाला, पण हे पटलं तरी सिद्ध झालेलं नाही.

खरी गोम २०११ च्या पुढच्या ॲनालिसिसमध्ये आहे. रक्तस्रावानं मृत्यूची रिस्क १ तासात दिलं तर ०.६८, १ ते ३ तासांत ०.७९, आणि ३ तासांनंतर १.४४, म्हणजे उलट नुकसान! एक्सप्लोरेटरी ॲनालिसिस आहे त्यामुळं डोळे झाकून घ्यायचं नाही, पण इंटरॅक्शन इतकं ठळक आहे की सोडूनही देता येत नाही.

आता तो पेशंट. पूर्व भागातला, उसाच्या ट्रॉलीखाली पाय. आपल्याकडं पोचला रात्री सव्वादहाला, रेफर चिठ्ठीवर टीटी आणि आरएल, ट्रॅनेक्सा नाही, अपघाताची वेळही नाही. भावाला विचारलं तर म्हणे "दिवस मावळताना". मी घाईत १ ग्रॅम दिलं. नंतर हिशेब केला तर ३ तास कधीच उलटून गेलेले, म्हणजे हा पेपर माझ्या बाजूनं नाही (पेशंट बराय, पण त्यावरून काही ठरत नाही).

म्हणून माझं मत, कॅज्युअल्टी पेपरवर बीपीच्या वर अपघाताची वेळ लिहायची, माहीत नसेल तर नातेवाइकाचे शब्द तसेच. ३ तास उलटले असतील तर मी स्वतःहून देणार नाही, सिनियरला फोन करीन. आणि पहिला डोस रेफर करणाऱ्या ठिकाणीच किंवा १०८ मध्ये मिळायला हवा, त्याबद्दल सर, आपल्याकडून पत्र जाऊ शकेल का?