विषय: मे महिन्याचं चुकीच्या रीडिंगचं बिल दुरुस्त करून मिळण्याबाबत

मा. उपअभियंता साहेब,
वीज उपविभाग कार्यालय

साहेब, सप्रेम नमस्कार. आमचं दर महिन्याचं बिल ११०० च्या आसपास येतं आणि या वेळी थेट १७,८६० रुपये आलंय, बघून सासूबाईंचं तर बीपीच वाढलं. घरात आम्ही तिघं, दोन पंखे, फ्रिज, टीव्ही, एसी नाही, गीझर नाही. मागचं रीडिंग ६२१४ होतं, बिलावर चालू रीडिंग ७३४१ छापलंय म्हणजे ११२७ युनिट, पण बिलावरचाच फोटो नीट झूम करून बघा, काचेवर धूळ आहे तरी पहिला आकडा ७ नाही, ६ दिसतोय, म्हणजे ६३४१. खरा वापर १२७ युनिटच. आज २२ मे ला सकाळी मी स्वतः मीटर पुसून फोटो काढला तर ६४१९ आहे, मग ४ तारखेलाच ७३४१ कसं असेल सांगा.

खिडकीवर दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा "आधी भरा, मग बघू" हेच ऐकलं. एवढे पैसे आणायचे कुठून? वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे वाद मिटेपर्यंत मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीएवढी रक्कम हरकत नोंदवून भरता येते आणि तोवर लाइट तोडता येत नाही, तेवढी रक्कम मी भरायला तयार आहे. कृपया माणूस पाठवून रीडिंग तपासा, बिल दुरुस्त करून द्या आणि या अर्जाची पोच सही-शिक्क्यासह द्या.

सोबत बिलाची झेरॉक्स, मीटरचा फोटो, मागची सहा बिलं. ग्राहक क्रमांक बिलावर आहे, मीटर सासऱ्यांच्या नावावर आहे.

आपली विश्वासू,
ग्राहकाची सून