कोल्हापूर परिसरातील ऊस (को ८६०३२), पाणीताण प्रयोग: आकृती १ ते ३ चे मथळे

आकृती १. पी५सीएस जनुकाचा आरटी-पीसीआर. २% अगारोज, १× टीएई, ९० व्होल्ट, ५० मिनिटे. लेन १: १०० बेसपेअर लॅडर; २–४: नियमित पाणी; ५–७: दहा दिवस पाणी बंद; ८: आरटी-विरहित; ९: टेम्प्लेट-विरहित. अपेक्षित पट्टा १५२ बेसपेअर. प्रायमर इंट्रॉनच्या दोन्ही बाजूंना असल्याने जीनोमिक डीएनए मिसळला असता तर वर मोठा पट्टा दिसला असता. लेन ९ च्या तळाशी दिसणारी पुसट रेघ प्रायमर-डायमरची आहे. लेन ४ व ५ मधली पांढरी रेषा म्हणजे एकाच जेलचे दूरचे भाग जोडल्याची खूण. संपूर्ण जेल पूरक आकृती १ मध्ये. पट्ट्यांच्या तीव्रतेवरून प्रमाण काढलेले नाही. त्यासाठी आकृती २ पाहावी.

आकृती २. क्यूपीसीआर. सापेक्ष अभिव्यक्ती 2^−ΔΔCt पद्धतीने, जीएपीडीएच व ईएफ१-अल्फा यांच्या सरासरी Ct वर सामान्यीकृत. प्रत्येक ठिपका एक स्वतंत्र रोप (n = ४), तीन तांत्रिक पुनरावृत्तींची सरासरी; तांत्रिक पुनरावृत्ती n मध्ये धरलेल्या नाहीत. रेषा: सरासरी ± प्रमाण विचलन. वेल्च टी-चाचणी ΔCt मूल्यांवर. *P < ०.०५.

आकृती ३. व्होल्कॅनो आलेख. आडवा अक्ष log₂ पटबदल (ताण/नियमित), उभा −log₁₀ समायोजित p (बेंजामिनी-हॉकबर्ग). तुटक रेषा: ±१ आणि ०.०५. नारिंगी वाढलेली, निळी घटलेली, राखाडी निकषाबाहेरची जनुके. वरच्या कडेवरील त्रिकोण अक्षमर्यादेपलीकडची मूल्ये दाखवतात.