मुख्याध्यापिकांना रजेसाठी विनंती अर्ज

दिनांक : ३ जुलै २०२५

प्रति,
माननीय मुख्याध्यापिका,
माध्यमिक विद्यालय (दुपार अधिवेशन),
परळ, मुंबई – ४०० ०१२.

द्वारा : वर्गशिक्षिका, इयत्ता नववी ‘ब’

अर्जदार : कु. सोहम प्रकाश राणे
इयत्ता नववी, तुकडी ‘ब’, हजेरी क्रमांक ३१
राहणार : काळाचौकी, मुंबई – ४०० ०३३.

विषय : आजोबांच्या आजारपणामुळे दि. ७ जुलै ते १६ जुलै २०२५ या काळात रजा मिळण्याबाबत.

माननीय महोदया,

सविनय नमस्कार.

मी आपल्या शाळेत इयत्ता नववी ‘ब’ मध्ये शिकत आहे. सोमवार, दि. ७ जुलै ते बुधवार, दि. १६ जुलै २०२५ पर्यंत मला रजा मिळावी, अशी विनंती करण्यासाठी हा अर्ज करत आहे. मधला रविवार सोडल्यास शाळेचे नऊ दिवस बुडतील. रजा मोठी आहे आणि वर्ष नुकतेच सुरू झाले आहे, म्हणून कारण थोडे सविस्तर लिहितो.

माझे आजी-आजोबा फोंडाघाट, तालुका कणकवली, जिल्हा सिंधुदुर्ग येथे राहतात. रविवार, दि. २९ जून रोजी पावसात शेताच्या बांधावरून पाय घसरून आजोबा पडले. त्यांच्या उजव्या घोट्याचे हाड मोडले असून पायाला प्लास्टर घातले आहे. सहा आठवडे त्या पायावर अजिबात भार द्यायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. त्यामुळे त्यांना अंथरुणातून उठवणे, न्हाणीघरापर्यंत नेणे, वेळेवर गोळ्या देणे यासाठी कोणीतरी सतत जवळ असावे लागते. आजी एकटी त्यांना उचलू शकत नाही. सध्या आत्या तिथे आहे, पण तिलाही रविवारी आपल्या घरी परतावे लागणार आहे.

याच दिवसांत आमच्याकडे भाताची लावणी आहे. मृगाच्या पावसावर पेरलेला तरवा आता काढणीला आला आहे. रोप तीन-चार आठवड्यांचे झाले की ते शेतात लावावेच लागते. जून झालेल्या रोपाला फुटवे कमी येतात आणि पुढे पीकही कमी मिळते. त्यामुळे आजोबा बरे होईपर्यंत लावणी थांबवता येत नाही. गावात सगळ्यांची लावणी एकाच वेळी असल्याने मजूर मिळत नाहीत. वाडीतली घरे सावडीने एकमेकांच्या शेतात लावणी करतात. आमच्या शेतात सगळे येतील, पण त्यांच्या शेतातही आमच्या घरचे माणूस गेलेच पाहिजे. यंदा आजोबांच्या जागी माझी आई उभी राहणार आहे. आई आणि आजी दोघीही सकाळपासून शेतात असतील, तेव्हा घरी आजोबांपाशी मी थांबायचे असे ठरले आहे.

मी शेतमजुरीसाठी शाळा बुडवत नाही, हे मला मुद्दाम स्पष्ट करावेसे वाटते. आजोबांनी मला लहानपणापासून सांभाळले आहे. ते स्वतः फोनवर “तुझी शाळा बुडवू नको” असेच म्हणत होते. तरीही या दिवसांत मी त्यांच्याजवळ असणे गरजेचे आहे, असे मला मनापासून वाटते. बाबांना पाळीची नोकरी असल्याने इतके दिवस रजा घेता येणार नाही. दि. १६ जुलैला सकाळी पुण्याहून माझे काका गावी पोहोचणार आहेत. त्यानंतर आजोबांची जबाबदारी ते घेतील.

आम्ही शनिवारी मध्यरात्री दादरहून सुटणाऱ्या तुतारी एक्स्प्रेसने निघू. दि. १६ च्या रात्री गावाहून परतीचा प्रवास करून गुरुवार, दि. १७ जुलै रोजी दुपारी मी शाळेत हजर राहीन. पावसामुळे कोकण रेल्वेची वाहतूक खोळंबली, तर बाबा त्याच दिवशी शाळेच्या कार्यालयात दूरध्वनी करून कळवतील. त्याखेरीज इतर कोणत्याही कारणाने मी रजा वाढवून मागणार नाही.

अभ्यासाविषयी मी वर्गशिक्षिका बाईंशी बोललो आहे. या काळात बीजगणितात ‘वास्तव संख्या’, भूमितीत ‘समांतर रेषा’ आणि विज्ञानात ‘गतीचे नियम’ हे भाग शिकवले जाणार आहेत. तिन्ही विषयांची पाठ्यपुस्तके मी सोबत नेत आहे. आजोबा दुपारी झोपतात, तेव्हा रोज दोन तास अभ्यासासाठी मिळतील. माझ्या बाकावरचा मित्र वर्गात लिहून दिलेल्या भागाची छायाचित्रे रोज संध्याकाळी आईच्या मोबाइलवर पाठवणार आहे. गावी घरात रेंज मिळत नाही, पण रस्त्यावरच्या दुकानापाशी मिळते. भूमितीच्या सिद्धता मला स्वतः वाचून लवकर उमगत नाहीत. परत आल्यावर मधल्या सुट्टीत त्या समजावून देण्याची सरांना विनंती केली असून त्यांनी होकार दिला आहे. सोमवार, दि. २१ जुलैपासून पहिली घटक चाचणी आहे. ती मी सर्वांबरोबरच देईन. त्यासाठी मला वेगळी तारीख किंवा सवलत नको.

जलसुरक्षा विषयाच्या उपक्रमासाठी या रजेचा उपयोग होऊ शकेल. अंगणात मोकळ्या जागी सरळ कडांचा डबा ठेवून रोज सकाळी साडेआठला पट्टीने पावसाची मिलिमीटरमध्ये नोंद घ्यायची, असे मी ठरवले आहे. हवामान खातेही चोवीस तासांचा पाऊस याच वेळी मोजते. घरच्या विहिरीच्या पाण्याची पातळीही मी वहीत टिपून ठेवीन. आपण आणि विषयशिक्षकांनी मान्यता दिल्यास ही नोंदवही उपक्रम म्हणून सादर करण्याची माझी इच्छा आहे.

गुरुवार, दि. १० जुलै रोजी गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात नववीच्या वतीने मनोगत व्यक्त करण्याची संधी मला मिळाली होती. त्या दिवशी मी शाळेत नसेन, याचे मला फार वाईट वाटते. मनोगत मी लिहून पूर्ण केले आहे. बाईंच्या संमतीने ते माझ्या वर्गातील एक विद्यार्थिनी सादर करेल. तिचा सराव कालपासून सुरू झाला आहे.

शाळा सुरू झाल्यापासून मी एकही दिवस गैरहजर राहिलेलो नाही. आपण माझ्या अडचणीचा सहानुभूतीने विचार करून वरील काळातील रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती. अर्जाबाबत आपल्याला काही विचारायचे असल्यास बाबा शुक्रवारी सकाळी शाळेत येऊन आपल्याला भेटू शकतील. रजेच्या काळात शाळेच्या नोंदवहीतील त्यांच्या क्रमांकावर संपर्क साधता येईल.

कळावे.

आपला आज्ञाधारक विद्यार्थी,
(स्वाक्षरी)
सोहम प्रकाश राणे
इयत्ता नववी ‘ब’

रजेच्या काळातील पत्ता :
मु. पो. फोंडाघाट, ता. कणकवली, जि. सिंधुदुर्ग.

सोबत :
१. आजोबांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीची छायाप्रत
२. जाण्या-येण्याच्या रेल्वे तिकिटांची छायाप्रत

पालकांचे संमतीपत्र

माझा मुलगा सोहम याने वरील अर्जात दिलेली माहिती खरी असून हा अर्ज माझ्या संमतीने केला आहे. तो संपूर्ण काळ आपल्या आईसोबत गावी राहील. बुडालेला अभ्यास त्याच्याकडून पूर्ण करून घेण्याची आणि दि. १७ जुलै रोजी त्याला शाळेत पाठवण्याची जबाबदारी माझी राहील. कृपया रजा मंजूर करावी, ही विनंती.

(स्वाक्षरी)
प्रकाश राणे
वडील
दि. ३ जुलै २०२५