४०, २०, ३०, १०, ५, १५ : रेड-ब्लॅक ट्री, एकेक की टाकून

चिनू, काल फोनवर रोटेशन समजवता समजवता माझा चहा गार झाला, म्हणून आकृत्याच पाठवतेय, राजवाड्यापर्यंत बसमधे बघून होतील. का म्हणजे काळा, ला म्हणजे लाल.

नवीन की कायम लालच टाकायची. काळी टाकली तर त्या एकाच वाटेवर काळ्यांचा हिशोब बिघडतो, लाल टाकली तर फार तर लाल बापाखाली लाल पोर येतं आणि ते निस्तरता येतं. तसं झालं की काका बघायचा. अंकल म्हणजे मामा का काका हा घोळ आपल्याकडे नाहीच, बापाचा भाऊ तो काका! काका लाल असेल तर नुसते रंग बदला, काळा असेल तर रोटेशन, आणि रिकामी जागा काळीच धरायची.

४० मूळ, म्हणून काळा केला. २० त्याच्या डावीकडे लाल, भांडण नाही. आता ३०:

```
  ४०का        ४०का       ३०का
  /           /         /   \
२०ला        ३०ला      २०ला   ४०ला
  \         /
  ३०ला    २०ला
```

इथेच सगळे आपटतात. २० लाल, ३० पण लाल, काका नाही, म्हणून रोटेशन, पण वाट वाकडी आहे ना, आधी डावीकडे मग उजवीकडे. मी मिडसेमला सरळ ४० उजवीकडे फिरवला होता, तर २० वर आला, ४० त्याच्या उजवीकडे आणि ३० त्या ४०च्या डावीकडे लटकला, म्हणजे वाकडं ते वाकडंच, फक्त दुसऱ्या बाजूनी, चार मार्क गेले. आधी २० डावीकडे फिरवून वाट सरळ कर, मग ४० उजवीकडे फिरव, शेवटी ३० काळा, ४० लाल.

१० टाकला. बाप २० लाल, काका ४० पण लाल. दोघं काळे, आजोबा ३० लाल, पण तो मूळ ना, परत काळा. फिरवायचं काहीच नाही.

```
      ३०का
      /   \
   २०का   ४०का
    /
 १०ला
```

५ आला १०च्या डावीकडे. काका रिकामा, वाट सरळ, २० एकदाच उजवीकडे फिरवला, १० काळा आणि २० लाल झाला.

```
       ३०का
      /    \
   १०का    ४०का
   /  \
 ५ला  २०ला
```

१५ बसला २०च्या डावीकडे, काका ५ लाल. परत रंगच:

```
       ३०का
      /    \
   १०ला    ४०का
   /  \
 ५का  २०का
      /
    १५ला
```

१० लाल झाला तरी त्याचा बाप ३० काळा, म्हणून इथेच थांबायचं. ३० मूळ नसून लाल असता तर हेच सगळं वर जाऊन परत करावं लागलं असतं. मोजून बघ, मुळापासून कुठल्याही वाटेनी खाली जा, रिकाम्या जागा सोडून काळे दोनच लागतात.

आता १२ तू टाक, काका कोण ते आधी लिही मग फिरव. फोटो पाठव, पण रात्री बाराला नको, मला सकाळी लॅब आहे.