बाबांच्या औषधांचा रोजचा तक्ता (सोमवार, ९ जून २०२५ पासून)

हा तक्ता डॉक्टरांनी ७ जूनला दिलेल्या चिठ्ठीच्या मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून तयार केला असून तो फ्रिजच्या दारावर लावायचा आहे. फोटो तिरका आला होता आणि शेवटच्या दोन ओळींवर अंगठ्याची सावली पडली होती, म्हणून त्या ओळी अंदाजाने न लिहिता दवाखान्यात फोन करून कंपाउंडरांकडून वाचून घेतल्या. चिठ्ठीतील १-०-१ या खुणेचा अर्थ सकाळी एक, दुपारी काही नाही आणि रात्री एक असा आहे. कंपनीचे नाव प्रत्येक वेळी वेगळे असू शकते, म्हणून येथे गोळीतील औषधाचे नाव लिहिले आहे. पाकिटावरचे बारीक अक्षरांतील नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा तक्त्याशी जुळत असेल तरच गोळी द्यावी.

सकाळी ६:०० (उपाशीपोटी)
थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅमची एक गोळी फक्त साध्या पाण्याबरोबर द्यावी. तिच्यानंतर किमान पाऊण तास चहा, दूध किंवा बिस्किट काहीही देऊ नये, कारण त्यामुळे गोळी शरीरात नीट शोषली जात नाही. बाबा सव्वासहालाच चहा मागतील, हे गृहीत धरून पहिला चहा पावणेसातनंतरच ठेवावा.

सकाळी ७:३० (नाश्त्याच्या अर्धा तास आधी)
पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅमची एक गोळी द्यावी. ही पित्ताची गोळी केवळ १४ दिवसांसाठी, म्हणजे रविवार, २२ जूनपर्यंत आहे. त्यानंतर हा ७:३० चा अलार्म बंद करावा आणि डॉक्टरांनी पुन्हा लिहून दिल्याशिवाय नवे पाकीट आणू नये.

सकाळी ८:०० (नाश्त्याची ताटली समोर आल्यावर)
ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅमची एक गोळी पहिल्या घासाबरोबर द्यावी. या तक्त्यातील सर्वांत जास्त लक्ष देण्याची गोळी हीच आहे. ती साखर खाली आणते आणि खाणे झाले नाही तरी आणतच राहते. म्हणून नाश्ता खरोखर समोर आल्याशिवाय ती हातात देऊ नये, आणि मळमळ, उलटी किंवा इतर कारणाने बाबा नाश्ता करणार नसतील तर ती न देता दवाखान्यात फोन करावा. दिवसभरात केव्हाही दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, अचानक खूप भूक लागली किंवा बोलणे असंबद्ध वाटले तर साखर उतरली आहे असे समजून तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि बरे वाटल्यावर पोळी किंवा भात असे काही खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ क्रमांकावर फोन करावा.

सकाळी ८:३० (नाश्त्यानंतर)
मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅमची एक आणि टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅमची एक अशा दोन गोळ्या द्याव्यात. मेटफॉर्मिन रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळ किंवा जुलाब होऊ शकतात. टेल्मिसार्टन रक्तदाबाची आहे; ती चालू असताना मीठ कमी करण्यासाठी बाजारात मिळणारे 'कमी सोडियमचे' मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, कारण त्यात पोटॅशियम असते आणि या गोळीमुळे शरीरातले पोटॅशियम आधीच वाढू शकते.

दुपारी १:१५ (जेवणानंतर)
कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमची एक गोळी द्यावी. ती दुपारीच ठेवण्याचे कारण थायरॉक्सिन आहे: या दोन गोळ्यांमध्ये किमान चार तासांचे अंतर हवे. त्यामुळे 'सगळ्या गोळ्या सकाळीच उरकून टाकू' हा बाबांचा आग्रह येथे मान्य करता येणार नाही.

रात्री ८:३० (जेवणानंतर)
मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅमची दुसरी गोळी द्यावी.

रात्री ९:३० (झोपण्यापूर्वी)
अ‍ॅटोरव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमची एक गोळी द्यावी. अंग किंवा पोटऱ्या नेहमीपेक्षा वेगळ्या आणि जास्त दुखू लागल्यास ते वयावर न ढकलता डॉक्टरांना कळवावे.

आठवड्यातून एकदाच, फक्त रविवारी
ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची एक कॅप्सूल दुपारच्या जेवणानंतर द्यावी. सावलीखाली गेलेली ओळ हीच होती, आणि फोटो पाहून मलाही ती आधी रोजची वाटली होती. ती रोज दिली तर अपाय होतो. म्हणून आठही तारखा येथे लिहिल्या आहेत: १५, २२ आणि २९ जून, ६, १३, २० आणि २७ जुलै, ३ ऑगस्ट. आठ कॅप्सूल वेगळ्या डबीत काढून ठेवल्या असून डबी आईच्या कपाटात आहे.

गरज पडली तरच
गुडघा फार दुखला तर पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅमची एक गोळी द्यावी. दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तास जावेत आणि चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त होऊ नयेत. मेडिकलमधून सर्दीची किंवा तापाची गोळी आणल्यास तिच्यातही पॅरासिटामॉल आहे का हे पाहावे. शेजारच्या काकांनी सुचवलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन देऊ नये. टेल्मिसार्टनबरोबर त्यांचा मूत्रपिंडावर ताण पडतो.

जुन्या गोळ्यांबद्दल
औषधांच्या डब्यात मागच्या चिठ्ठीतील एक अर्धे पाकीट सापडले, ज्याच्या एकाच गोळीत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन ही दोन्ही औषधे एकत्र आहेत. नव्या चिठ्ठीत हीच औषधे सुटी लिहिलेली असल्यामुळे ते पाकीट चालू राहिले असते तर दोन्हींचा डोस दुप्पट झाला असता. ते डब्यातून काढून टाकले आहे. मावशींनी डब्यात तक्त्याबाहेरचे काही दिसल्यास ते बाजूला ठेवून मला विचारावे.

आषाढी एकादशी, रविवार, ६ जुलै
बाबा या दिवशी उपवास करतात. ग्लिमेपिराइड द्यायची की नाही, हे आपण ठरवू नये. शुक्रवार, ४ जुलैला दवाखान्यात फोन करून विचारावे आणि मिळालेले उत्तर या तक्त्याच्या खाली लिहावे. रविवारची कॅप्सूल त्या दिवशी दुपारच्या फराळानंतर द्यावी.

चुकलेली वेळ आणि नोंद
एखादी गोळी राहिल्यास पुढच्या वेळी दोन एकदम देऊ नयेत. कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात प्रत्येक वेळेसाठी एक टिंब लाल पेनाने काढावे, पण ते गोळी पाकिटातून काढल्यावर नव्हे, बाबांनी ती गिळल्यावर काढावे. मागच्या महिन्यात टिंब होते आणि गोळी उशीखाली सापडली होती. अलार्म बाबांच्या मोबाइलवर लावले आहेत, मात्र ते बंद करण्याचे काम सकाळी आईचे आणि दुपारी मावशींचे राहील.

पुढची तपासणी
बुधवार, ६ ऑगस्टला उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, तसेच थायरॉइडची तपासणी आहे. दवाखान्याने सांगितल्याप्रमाणे त्या दिवशी पहिले रक्त दिल्यानंतरच थायरॉक्सिन द्यावी. शुक्रवार, ८ ऑगस्टला डॉक्टरांकडे जाताना मूळ चिठ्ठी, हा तक्ता आणि कालनिर्णयची जून ते ऑगस्टची पाने बरोबर न्यावीत. नवी चिठ्ठी मिळाल्यावर ती टेबलावर सपाट ठेवून, खिडकीच्या उजेडात, चारही कोपरे दिसतील असा फोटो काढून मला पाठवावा आणि त्याच संध्याकाळी हा कागद फ्रिजवरून उतरवावा.